किती जण आले आणि काय शोधलं: थोड्या मेमरीतल्या मोजणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या लोकलच्या वेळा दाखवणारी एक साइट आम्ही दादरच्या छोट्या ऑफिसातून चालवतो. रोजचे वेगवेगळे पाहुणे आणि जास्त शोधल्या जाणाऱ्या गोष्टी मोजायला आम्ही हायपरलॉगलॉग आणि काउंट-मिन स्केच या अंदाजी मोजणीच्या दोन पद्धती वापरतो. ऑफिसात नवीन माणूस आला की तो साधारण हेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. हिशोब डोक्यात बसावा म्हणून खालचे आकडे गोल केले आहेत.

साधी यादी ठेवून मोजलं तर काय बिघडतं?

एका दिवसाचा, पूर्ण साइटचा एकच आकडा हवा असेल तर काहीच बिघडत नाही. प्रत्येक फोनला आपण एक आयडी देतो. तो 16 बाइटचा धरला तर 20 लाख आयडींचे 32 एमबी होतात. ते सेटमध्ये ठेवले की वरचा पसारा धरून याच्या काही पट मेमरी जाते, पण आजच्या सर्व्हरला ते झेपतं.

खरी अडचण पुढे येते. प्रत्येक स्टेशनच्या पानावर रोज किती वेगळे फोन आले, हे हवं असतं. नंतर कोणीतरी विचारतं, ‘आठवड्याचं सांगा’, मग महिन्याचं, मग ‘गेल्या पावसाळ्याशी तुलना करून सांगा’. वेगळे फोन मोजायचे म्हणजे आधी कोण येऊन गेलं हे लक्षात ठेवावं लागतं, त्यामुळे सगळ्या याद्या वर्षभर सांभाळाव्या लागतात. आमच्याकडे साधारण 120 स्टेशनांची पानं आहेत. हायपरलॉगलॉगमध्ये एका स्टेशनच्या एका दिवसाला जास्तीत जास्त 12 केबी लागतात, म्हणजे रोजचे दीड एमबीही नाहीत आणि वर्षाचे साधारण 525 एमबी. त्या पानावर 400 फोन आले काय किंवा 4 लाख आले काय, 12 केबीच्या वर ते जात नाही.

12 केबीत लाखो फोन मावतात कसे?

मावत नाहीत. फोनची नोंद कुठेच राहत नाही, राहते ती फक्त एक खूण.

समजा कोणी सांगितलं की नाणं उडवताना मला सलग दहा वेळा छापा पडला. आपण लगेच ओळखतो की हा बराच वेळ नाणं उडवत बसला असणार, कारण सलग दहा छापे 1,024 मध्ये एकदा पडतात. किती वेळा उडवलं ते त्याने सांगितलंच नाही, तरी सगळ्यात लांब मालिकेवरून अंदाज बांधता आला. हायपरलॉगलॉगचा जीव एवढ्यात आहे.

फोनचा आयडी हॅश फंक्शनमधून काढला की 64 बिटांचा, अगदी नाणेफेकीसारखा दिसणारा आकडा मिळतो. त्यातले 14 बिट घेऊन खण ठरवायचा. 14 बिटांत 16,384 आकडे बसतात, म्हणून तेवढे खण. उरलेल्या 50 बिटांत पहिला 1 कितव्या जागेवर आला ते बघायचं. त्या खणात आधी लिहिलेल्या आकड्यापेक्षा हा मोठा असेल तर जुना खोडून नवा लिहायचा, नाहीतर काहीच करायचं नाही. एका खणाला 6 बिट पुरतात. 16,384 गुणिले 6 म्हणजे 98,304 बिट, आणि त्याचेच 12 केबी.

एक फोन जवळून बघू. सकाळी 8 वाजता ठाण्याहून कोणीतरी दादरचं पान उघडलं. हॅशचे पहिले 14 बिट आले 00000000000101, म्हणजे खण क्रमांक 5. पुढचे बिट 0001… असे आहेत, म्हणजे पहिला 1 चौथ्या जागेवर. पाचव्या खणात 2 होता, तिथे आता 4 झाला. संध्याकाळी परतीची गाडी बघायला तोच फोन परत आला. आयडी तोच, हॅश तोच, खण तोच, आकडा परत 4. चारापेक्षा चार मोठा नाही, म्हणून काहीच बदललं नाही. एकच माणूस दिवसातून वीस वेळा आला तरी एकदाच मोजला जातो तो असा. कोण आलं होतं याची नोंद न ठेवताही.

शेवटी 16,384 खणांवरून मिळून अंदाज काढतात. साधी सरासरी घेतली तर एखाद्या खणात नशिबाने आलेला मोठा आकडा सगळं उत्तर फुगवून टाकतो, म्हणून हरात्मक मध्य घेतात. फिलिप फ्लाजोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली ही सुधारणा मांडली. आम्ही वापरतो त्या रेडिस डेटाबेसमधल्या या कमांडी PF ने सुरू होतात त्या फ्लाजोले यांच्याच नावावरून.

```
PFADD bhet:2025-07-14:dadar u7f3a91
PFCOUNT bhet:2025-07-14:dadar
PFMERGE bhet:athavda:dadar bhet:2025-07-14:dadar bhet:2025-07-15:dadar
```

उत्तर किती चुकतं?

प्रमाण त्रुटी साधारण `1.04/√m` असते, इथे `m` म्हणजे खणांची संख्या. 16,384 चं वर्गमूळ 128, म्हणून त्रुटी 0.81 टक्के. खरे फोन 10 लाख असतील तर उत्तर बहुतेक वेळा 8,100 च्या आतबाहेर येतं, आणि 100 पैकी 95 वेळा 16,200 च्या आतबाहेर. चूक दोन्ही बाजूंना होते, कधी जास्त, कधी कमी.

म्हणून ‘काल 6,12,408 होते, आज 6,15,020 आहेत, वाढले की!’ असं रिपोर्टात कृपा करून लिहू नका. हा फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, तो मोजणीच्या हलण्यातच बुडालेला आहे. आम्ही आता दाखवतानाच आकडा हजारांत गोल करतो.

फोन थोडे असतील तिथे हिशोब वेगळ्या वाटेने होतो. कसाऱ्याच्या पानावर पहाटे 40 फोन आले तर जवळपास सगळे खण रिकामेच असतात, आणि किती खण रिकामे राहिले यावरूनच जवळपास अचूक उत्तर निघतं. असे बहुतांश रिकामे खण रेडिस दाबून ठेवतो, त्यामुळे तेव्हा 12 केबीही लागत नाहीत.

PFADD ने 0 दिला म्हणजे हा फोन आधी येऊन गेला होता ना?

नाही. 1 चा अर्थ एवढाच की एखाद्या खणातला आकडा बदलला. दुपारपर्यंत खणांत मोठे आकडे बसलेले असतात, तेव्हा अगदी नव्या फोनलाही बहुतेकदा 0 मिळतो. ‘पहिल्यांदा आलात, स्वागत आहे’ अशी पट्टी या 0 आणि 1 वर टांगू नका.

सोमवार ते रविवारचे आकडे मिळवले तर आठवड्याचे पाहुणे मिळतील का?

लोकलच्या साइटवर तर मुळीच नाही. आपले लोक रोज येतात. दादरच्या पानावर रोज 3 लाख फोन आले तर बेरीज 21 लाख होते, पण त्यातले बहुतेक तेच ते असल्याने वेगळे फोन कदाचित 5 लाखच निघतील.

इथे हायपरलॉगलॉग फार सुंदर वागतो. सात दिवसांचे सात तक्ते शेजारी ठेवा आणि प्रत्येक खणात सातांमधला सगळ्यात मोठा आकडा घ्या. तयार झालेला तक्ता आणि सातही दिवस एकाच तक्त्यात मोजून तयार झाला असता तो, यांत तसूभरही फरक नसतो. त्रुटी वाढत नाही, तीच 0.81 टक्के राहते. `PFMERGE` हेच करतं. दोन सर्व्हरवर वेगवेगळं मोजून रात्री एकत्र करायचं असेल तरी हीच पद्धत.

अट एकच: सगळीकडे हॅश तोच हवा. यात आम्ही एकदा चांगलेच फसलो. एका स्क्रिप्टमध्ये आयडी रेडिसला देण्याआधी पायथनच्या अंगच्या `hash()` मधून काढला जात होता. मजकुरासाठी हे फंक्शन प्रत्येक वेळी प्रोसेस सुरू झाली की वेगळंच उत्तर देतं, सुरक्षेसाठी मुद्दाम तसं केलेलं आहे. त्यामुळे प्रोसेस पुन्हा सुरू झाली की तेच फोन नवे म्हणून मोजले जायचे. कुठेही एरर नाही, आकडेही दिसायला ठीकठाक. संशय आला तो दोन सर्व्हरचं एकत्रीकरण बघून. एकावर 2 लाख, दुसऱ्यावर 2 लाख, आणि एकत्र केल्यावर बरोबर 4 लाखांच्या आसपास. एकच फोन दिवसभरात दोन्ही सर्व्हरवर जात असतो, मग एकही सामायिक नाही हे कसं शक्य आहे? तेव्हापासून नियम केला: आयडी जसाच्या तसा `PFADD` ला द्यायचा, हॅशिंग रेडिसलाच करू द्यायचं.

विरार आणि पनवेल, दोन्ही पानं बघणारे किती? ते नाही का निघत?

सूत्र सगळ्यांना माहीत असतं: दोन्हींची बेरीज वजा एकत्रीकरण. आकडे घालून बघा. विरारचे 4 लाख, पनवेलचे 3 लाख, आणि खरोखर दोन्ही बघणारे 3,000. म्हणजे एकत्रीकरण 6,97,000. त्या एका आकड्यातच 0.81 टक्के म्हणजे साधारण 5,600 ची चूक असू शकते. शोधतोय 3,000 आणि हात हलतोय 5,600 ने. उत्तर कधी 8,000 येईल, कधी उणे 2,000. उणे आलं तर निदान कळतं तरी. 8,000 आलं की ते खरं वाटतं आणि थेट सादरीकरणात जातं.

सामायिक भाग मोठा असेल, म्हणजे सोमवारच्या 3 लाखांपैकी मंगळवारी अडीच लाख परत आले असं काही, तर हेच सूत्र चालतं. एक स्टेशन पश्चिम रेल्वेचं आणि एक हार्बरचं असे छोटे छेद हवे असतील तर मात्र थोड्या फोनांचा नमुना घेऊन त्यांची खरी यादी ठेवा. हॅशच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून शंभरातला एक निवडला, तर तोच फोन दोन्ही पानांच्या नमुन्यात येतो आणि तुलना करता येते.

मग काउंट-मिन स्केच कशासाठी?

तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. ‘वेगळे किती’ हे हायपरलॉगलॉग सांगतो, ‘अमुक गोष्ट किती वेळा आली’ हे काउंट-मिन. ग्रॅहम कॉरमोड आणि एस. मुथुकृष्णन यांनी तो मांडला, त्यांचा सविस्तर निबंध 2005 चा आहे.

आधी, तो कुठे वापरू नये हे सांगतो. आम्ही सुरुवातीला ‘कुठून कुठे’ या जोड्या मोजायला तो लावला होता. 120 स्टेशनांच्या जाण्या-येण्याच्या जोड्या होतात 14,280. प्रत्येकीला 8 बाइटचा काउंटर दिला तरी 115 केबीत सगळं अचूक मावतं. आमचा स्केचच त्याच्या जवळपास पाचपट होता आणि वर उत्तर अंदाजी! मोजायच्या गोष्टींची यादी आधीच माहीत असेल आणि आटोपशीर असेल तर सरळ काउंटर ठेवा.

तो लागतो शोधाच्या चौकटीसाठी, कारण तिथे लोक काय टाइप करतील याला सुमार नसतो. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की शीव, कुर्ल्याला रुळांवर पाणी चढतं आणि चौकटीत येऊ लागतं: ‘हार्बर चालू आहे का’, ‘कुर्ला पाणी’, ‘शेवटची कर्जत’. अशा दिवशी 50 लाख शोध धरा. त्यात लाखो वेगवेगळी वाक्यं असतात, बहुतेक एकेकदाच आलेली.

आतून तो कसा चालतो?

पाच ओळींचा एक तक्ता, प्रत्येक ओळीत 27,183 रकाने, सुरुवातीला सगळे शून्य. वाक्य आलं की पाच वेगवेगळे हॅश काढायचे, प्रत्येक ओळीत एक रकाना ठरतो, त्या पाचही रकान्यांत एक मिळवायचा. 4 बाइटचा एक रकाना धरला तर सगळा तक्ता 544 केबीच्या आसपास होतो.

```
CMS.INITBYDIM shodh:2025-07-14 27183 5
CMS.INCRBY shodh:2025-07-14 "हार्बर चालू आहे का" 1
CMS.QUERY shodh:2025-07-14 "हार्बर चालू आहे का"
```

वाचताना तेच पाच रकाने उघडायचे आणि सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. समजा ‘हार्बर चालू आहे का’ च्या रकान्यांत 38,412, 38,390, 41,055, 38,437 आणि 38,366 आहेत. रकान्यात आपल्या वाक्याशिवाय इतरांचीही भर पडलेली असते. तिसऱ्या ओळीत तर कुठलंतरी बरंच चाललेलं वाक्य त्याच रकान्यात येऊन बसलंय. पण रकान्यातून कोणी काही काढून नेत नाही, भर फक्त पडते. म्हणून सगळ्यात लहान तो खऱ्याच्या सगळ्यात जवळचा: 38,366. खरा आकडा याच्याएवढा किंवा थोडा कमी, जास्त कधीच नाही. हायपरलॉगलॉगपेक्षा हा फरक लक्षात ठेवा, इथे चूक एकाच बाजूला होते.

27,183 आणि 5 हे आकडे आले कुठून?

रुंदी `e/ε`, ओळी `ln(1/δ)`. एकूण मोजणीच्या दहा हजारांत एक भागापेक्षा जास्त चूक नको असं ठरवलं, म्हणून `ε = 0.0001` आणि रुंदी 27,183. हे वचन 100 पैकी 99 वेळा पाळलं जावं म्हणून `δ = 0.01`, त्याचे 4.6 येतात, वर धरून 5 ओळी.

पण खरी गोम ‘एकूण मोजणीच्या’ या शब्दांत आहे. चूक त्या वाक्याच्या आकड्याच्या प्रमाणात नसते, सगळ्या शोधांच्या बेरजेच्या प्रमाणात असते. 50 लाखांचा दहा हजारावा भाग 500. 38,366 वर 500 म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास, चालून जातं. पण ‘आसनगाव पार्किंग’ दिवसात 6 वेळाच आलं असेल, तर त्याचे रकाने 151, 203, 96, 1,840, 118 असे असू शकतात आणि स्केच शांतपणे सांगेल 96. सोळापट! तो बिघडलेला नाही, त्याने दिलेलं वचन 500 चं होतं आणि ते त्याने पाळलंय. दुर्मीळ गोष्टींबद्दल त्याला विचारणंच चूक.

मग कुठल्या आकड्यापर्यंत विश्वास ठेवायचा?

यासाठी मला सगळ्यात आवडलेली युक्ती सांगतो. कोणी कधीच टाइप करणार नाही अशा हजार निरर्थक अक्षरमाळा तयार करा आणि त्या न मोजता स्केचला फक्त विचारा. प्रत्येकीचं खरं उत्तर शून्य आहे, म्हणून जे येईल ती निव्वळ गाळाची पातळी. हजारांत बहुतेकांचं उत्तर 120 च्या खाली आलं तर 120 च्या आसपासचे आकडे विसरा आणि काही हजारांवरचे निर्धास्त वापरा. दर तासाला आम्ही ही चाचणी चालवतो आणि तिचा आलेख शेजारीच लावलाय.

हा आलेख येण्याआधीची गोष्ट. एका पावसाळी आठवड्यात मध्यरात्री नवा स्केच सुरू करणारं काम बंद पडलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी बेरीज अडीच कोटींवर, म्हणजे 500 ची मुभा 2,500 वर गेली. काल-परवा सुरू झालेल्या शोधांनाही शेकड्यांनी आकडे दिसू लागले, आणि आम्ही त्यावरून एका स्टेशनची सूचना पहिल्या पानावर लावली, जिथे खरं तर काहीच झालं नव्हतं. पावसात अडकलेल्या माणसाने ती वाचून वाट बदलली असेल, हे मनातून जात नाही.

सर्वाधिक शोधलेल्या 20 गोष्टींची यादी त्यातून कशी काढायची?

थेट निघत नाही, कारण तक्त्यात वाक्यं नसतातच, नुसते आकडे असतात. त्यामुळे शेजारी शंभर वाक्यांची छोटी यादी ठेवावी लागते. शोध आला की तक्त्यात भर घाला, लगेच त्याचा अंदाज वाचा, आणि यादीतल्या सगळ्यात खालच्यापेक्षा तो मोठा असेल तर खालच्याला काढून याला बसवा. शंभर ठेवायचे आणि वीस दाखवायचे. काठावरची वाक्यं चुकीच्या भरीमुळे आत-बाहेर होत राहतात, वरचे वीस स्थिर असतात.

एकच शोध यादीत दोनदा दिसतोय, अगदी तसाच. हा स्केचचा दोष आहे का?

नाही, हा मराठी टायपिंगचा प्रश्न आहे आणि मराठीत काम करणाऱ्याने तो माहीत करूनच घ्यायला हवा. ‘दुसऱ्या वर्गाचा पास’ आमच्या यादीत सहाव्या आणि नवव्या क्रमांकावर एकाच वेळी होता. डोळ्यांना काही फरक दिसेना. बाइट छापून बघितले तेव्हा कळलं की ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिलं जातं. काही कीबोर्ड `U+0931` हा नुक्त्याचा र घेऊन हलंत लावतात, काही साधा र, हलंत आणि मग `U+200D` हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. हॅशला दिसण्याशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी ही दोन वेगळी वाक्यं.

युनिकोडचं नेहमीचं `NFC` शुद्धीकरण इथे अर्धंच काम करतं. र आणि सुटा नुक्ता यांचा ते `U+0931` करून देतं, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. म्हणून मोजण्याआधी आम्ही र, हलंत आणि `U+200D` ही त्रयी स्वतःच ऱ आणि हलंत अशी बदलतो, मग `NFC` चालवतो, मग कडेच्या मोकळ्या जागा काढतो. हा बदल केला त्या दिवशी पास शोधणारे तिसऱ्या क्रमांकावर आले.